साथीचा जलशोफ

मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने होणारी विषबाधा म्हणजे साथीचा जलशोफ. इंग्रजीत तिला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही. एकाच डब्यातले तेल खाणारे अख्खे घर आजारी पडते, म्हणून ती साथ वाटते. त्याच घरातले अंगावर पिणारे बाळ मात्र सहसा बचावते, आणि चौकशी करणाऱ्या डॉक्टरांसाठी ही मोठी खूण असते.

पिवळा धोत्रा (आर्जिमोन मेक्सिकाना) आपल्याकडेही रस्त्याकडेला, पडीक रानात दिसतो. पाने काटेरी, फूल पिवळे, देठ मोडला की पिवळा चीक येतो. महाराष्ट्रात स्वयंपाक मुख्यतः शेंगदाणा, करडई, सोयाबीनच्या तेलात होतो, त्यामुळे हा रोग इथे फारसा ऐकू येत नाही. उत्तर भारत आणि बंगालमध्ये भाजी, मासे, लोणचे सगळे मोहरीच्या तेलात असते. दोन्ही बिया काळपट आणि बारीक असतात. हातावर घेऊन नीट पाहिले तर मोहरी गुळगुळीत दिसते, धोत्र्याच्या बीवर बारीक खळगे असतात. घाण्यात पडल्यावर मात्र हा फरक संपतो. तेलात एक टक्का भेसळही रोगाला पुरते.

विष आहे ते सँग्विनारीन नावाचे अल्कलॉइड. त्याने केशवाहिन्या फुगतात आणि पाझरू लागतात. दोन्ही पाय सुजतात, लालसर होतात, दुखतात. नडगीवर बोट दाबले की खळगा राहतो. अनेकांना आधी जुलाब होतात. पुढे धाप लागते, आणि हृदय निकामी होऊन मृत्यूही येतो. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. डोळा लाल होत नाही, म्हणून तो ध्यानात यायला उशीर लागतो.

1877 मध्ये कलकत्त्यात या साथीची पहिली नोंद झाली. तिची ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या रोगाशी गल्लत होई आणि कित्येक वर्षे संशय तांदळावर राहिला. 1926 मध्ये सरकार आडनावाच्या संशोधकांनी बोट मोहरीच्या तेलाकडे वळवले. तरीही 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत साठांहून अधिक माणसे गेली आणि सुमारे तीन हजारांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली ती त्यानंतर.

या विषावर उतारा नाही. ते तेल ताबडतोब बंद करणे हाच मुख्य उपचार. जोडीला विश्रांती, पाय उंच ठेवणे आणि लागेल तशी लघवी वाढवणारी औषधे.

प्रयोगशाळेत परीक्षानळीत तेल आणि तितकेच तीव्र नायट्रिक आम्ल घालून जपून हलवतात. खाली बसलेला आम्लाचा थर नारिंगी ते लालसर झाला तर भेसळीचा संशय घेतात. पण साधारण पाव टक्क्याखालची भेसळ या चाचणीत निसटते. त्यासाठी कागदी क्रोमॅटोग्राफी करावी लागते.