घड्याळ पुढे जातंय, मागे पडतंय? काटा हलवण्याआधी हे वाचा
(चावीचं जुनं घड्याळ वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

एचएमटीची जनता, पायलट, कोहिनूर किंवा वडिलांच्या कपाटातून निघालेलं एखादं स्विस घड्याळ, अशी चावीची घड्याळं पुन्हा हातावर दिसू लागली आहेत. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर एक प्रश्न रोज येतो: "आतला तो फास्ट-स्लोचा काटा मी घरीच हलवला तर चालेल का?" आणि आठवड्यातून एखादं घड्याळ असंही येतं, ज्यात तो आधीच हलवलेला असतो. म्हणून हे पत्रक.

चालेल का, याचं उत्तर: चालेल. पण घड्याळ दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पुढे किंवा मागे जात असेल आणि बरेच दिवस तेवढंच जात असेल, तरच. काल-परवापर्यंत नीट चालणारं घड्याळ अचानक दहा-वीस मिनिटं पुढे पळू लागलं, तर त्या काट्याला अजिबात हात लावू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर येतं, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो तिथेच.

काटा नेमकं काय करतो

मागचं झाकण उघडलं की सतत इकडून तिकडे फिरणारं चाक दिसतं, ते बॅलन्स. त्याच्या वरच्या बाजूला केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. बॅलन्सला वरून धरणारी धातूची पट्टी म्हणजे पूल, त्या पुलावर एक छोटा काटा असतो, त्याची शेपटी बाहेर आलेली असते. हाच रेग्युलेटर. त्याच्या खालच्या बाजूला दोन बारीक पिना असतात आणि हेअरस्प्रिंगचा सगळ्यात बाहेरचा वेढा त्या दोघींमधून जातो. काटा सरकवला की पिना सरकतात आणि स्प्रिंगचा झुलणारा भाग थोडा आखूड किंवा थोडा लांब होतो. आखूड झाला की घड्याळ पुढे जातं, लांब झाला की मागे पडतं.

पुलावर खुणा असतात. आपल्या एचएमटीसारख्या घड्याळांत बहुधा एफ आणि एस किंवा अधिक-उणे. जुन्या स्विस घड्याळांत ए आणि आर: ए कडे नेलं तर घड्याळ पुढे, आर कडे नेलं तर मागे. शेजारी बारीक रेघा कोरलेल्या असतील तर एक रेघ म्हणजे इतके सेकंद असा हिशेब धरू नका. तो प्रत्येक मशीनमध्ये वेगळा निघतो.

किती हलवायचं याचा अंदाज चुकतो, तो इथे. दिवसाचे सेकंद ८६,४००. स्प्रिंगची झुलणारी लांबी शंभरात फक्त एक भाग बदलली, तर वेग शंभरात अर्धा भाग बदलतो, म्हणजे दिवसाला सुमारे सात मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे एका मिनिटासाठी त्या एका भागाचा सातवा हिस्सासुद्धा पुष्कळ होतो. काटा हललेला तुम्हाला डोळ्यांनी स्पष्ट दिसला, तर तो बहुतेक जास्तच हललेला असतो.

आधी तीन-चार दिवस वही

झाकण उघडण्याआधी एवढं करा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या, मोबाइलवरच्या वेळेशी ताडून पाहा आणि फरक कागदावर लिहा. जनतेत चावीची गुंडी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे घड्याळ अगदी सेकंदावर लावत बसू नका. पहिल्या दिवशी ते १५ सेकंद पुढे असेल तर तसंच लिहा, दुसऱ्या दिवशी किती वाढलं ते बघा. आपल्याला हवा आहे तो दोन सकाळींमधला फरक.

रोजचा फरक साधारण सारखा आला, समजा ९० सेकंद मागे, ८५, पुन्हा ९५, तर काम काट्याचं आहे. एक दिवस २० सेकंद, दुसऱ्या दिवशी चार मिनिटं, तिसऱ्या दिवशी मधेच बंद, असं असेल तर तेल सुकलं आहे किंवा आत कचरा आहे. ते सर्व्हिसिंगचं काम. काटा हलवून त्यातलं काही सुटत नाही.

आणि एक गोष्ट आम्ही काउंटरवर रोज सांगतो, ती इथे लिहून टाकतो. पन्नास-साठ वर्षांचं, रोज वापरातलं हातचावीचं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट इकडे-तिकडे असेल तर ते उत्तम चाललं आहे. बॅटरीच्या घड्याळाशी त्याची तुलना करून त्याला छळू नका. पाच-दहा सेकंदांसाठी तर झाकण उघडायचीही गरज नाही. रात्री ते तबकडी वर ठेवून आणि कडेवर उभं ठेवून दोन्ही पाहा. वेगवेगळ्या स्थितीत बहुतेक घड्याळांचा वेग थोडा बदलतो. दिवसाची कसर ज्या स्थितीत भरून निघेल, तसं ठेवा.

हलवायचंच असेल तर

डोळ्याला लावायचं भिंग हवंच. भिंगाशिवाय करू नका, एवढंच आमचं मागणं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊ नका. तो निसटला तर थेट हेअरस्प्रिंगवर जातो, आणि वाकलेली स्प्रिंग सरळ करणं हे आमच्याही कारागिराचं सगळ्यात नाजूक काम आहे. बांबूची दातकोरणी ब्लेडने टोकदार करून घ्या. घड्याळ टेबलावर स्थिर धरा, पंखा बंद करा. काट्याच्या शेपटीला बाजूने, बॅलन्सपासून लांब राहून, नुसता स्पर्श केल्यासारखा दाब द्या. घड्याळ चालू असलं तरी हरकत नाही. काटा हलत नसेल तर जोर लावू नका, झाकण लावा आणि घेऊन या.

मग झाकण बसवून पुन्हा एक दिवस थांबा. समजा ९० सेकंद मागे पडणारं घड्याळ आता ४० सेकंद मागे पडतंय. म्हणजे तुमचा तो स्पर्श ५० सेकंदांचा होता. पुढचा त्याहून थोडा कमी. एकाच बैठकीत चार वेळा सरकवून पाच-पाच मिनिटं ताडून बघणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही, कारण पाच मिनिटांत ९० सेकंदांच्या चुकीचा वाटा सेकंदाच्या एक-तृतीयांशाइतकाही नसतो. थोडं पुढे गेलं, वीसेक सेकंद, तर तिथेच सोडा. गाडी चुकण्यापेक्षा बरं.

काही मशिनांत एकाच जागी दोन काटे दिसतात. एकावर हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक घट्ट बसवलेलं असतं, त्याला बारीक स्क्रू किंवा खुंटी असते. तो रेग्युलेटर नव्हे. तो हलला की टिक आणि टिकमधलं अंतर बिघडतं आणि घड्याळ कानाला लावलं तर लंगडल्यासारखं ऐकू येतं. ते परत जागेवर आणायला टायमिंग मशीनच लागतं.

आता ती मोठी चूक

एक जनता आमच्याकडे आली. वर्षानुवर्षं दिवसाला मिनिटभर पुढे जायची, मालकांची काही तक्रार नव्हती. मग एका आठवड्यात ती रोज १८ मिनिटं पुढे पळू लागली. त्यांनी झाकण उघडून काटा एस कडे सरकवत सरकवत शेवटपर्यंत नेला. तरी ११ मिनिटं पुढेच. मग आमच्याकडे.

आम्ही घड्याळ साध्या होकायंत्रावर धरलं. सुई थरथरू लागली. हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व भरलं होतं. तसं झालं की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, कधी चिकटतातही, आणि झुलणारी लांबी आपोआप आखूड होते. म्हणून घड्याळ पळतं. चुंबकत्व काढायच्या यंत्रावर हे काम मिनिटभराचं. पण ते काढताच तीच जनता दिवसाला सहा मिनिटं मागे पडू लागली, कारण काटा शेवटाला नेऊन ठेवलेला होता. तो परत जागेवर आणायचा म्हणजे थोडं सरकवा, दिवसभर बघा, पुन्हा सरकवा. मिनिटाच्या कामाला त्यामुळे चार दिवस लागले, आणि मालकांना वाटलं आम्ही उगाच घड्याळ ठेवून घेतलंय.

थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही, तसंच हे. काटा शेवटाला जाऊनही घड्याळ पुढेच जातंय, याचा अर्थ दोष दुसरीकडे आहे. कधी स्प्रिंगवर तेल उडून वेढे चिकटलेले असतात, कधी घड्याळ पडून वेढा वेढ्यावर चढलेला असतो. लक्षण तेच: अचानक, आणि मिनिटांनी पुढे.

घरी ओळखायचं असेल तर खरी सुई असलेलं होकायंत्र घ्या, मोबाइलमधलं नको. आणि घड्याळ चुंबकाच्या फ्लिपचं मोबाइल कव्हर, स्पीकर, पर्सची चुंबकाची चाप यांच्याजवळ रात्रभर ठेवू नका. बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

नव्या रंगाची तबकडी लावून ऑनलाइन विकलेली जुनी घड्याळं घेतली असतील तर काटा कुठे आहे ते आधी पाहा. अगदी टोकाला असेल तर कोणीतरी आतला दोष झाकलेला असण्याची शक्यता मोठी.

आमच्याकडे काय, कसं

लोक विचारतात की काटा तर क्षणात हलतो, मग घड्याळ चार-पाच दिवस का ठेवता. टायमिंग मशीनवर आकडा अर्ध्या मिनिटात दिसतो, हे खरं. पण तो त्या क्षणाचा, त्या एका स्थितीतला. आम्ही तबकडी वर, तबकडी खाली आणि उभं असं तपासतो, पूर्ण चावीवर आणि चोवीस तासांनंतरही. मगच देतो. घाईत दिलेलं घड्याळ चार दिवसांत परत येतं, तेव्हा दोघांचाही वेळ जातो.

एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे नवीन हेअरस्प्रिंग मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. आम्ही जुनी मशिनं राखून ठेवतो, त्यांतून काढून बसवतो. म्हणून वाकलेल्या स्प्रिंगचा खर्च साध्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त सांगतो.

चुंबकत्व आहे की नाही हे बघायचे आम्ही पैसे घेत नाही, आणि असलं तर समोरच काढून देतो. आमच्याकडे सर्व्हिसिंग केलेल्या घड्याळाचा वेग वर्षभरात कधीही फुकट जुळवून देतो. येताना फरक लिहिलेला तो कागद आणा. आणि काटा तुम्ही हलवला असेल तर सरळ सांगा, कोणत्या बाजूला ते आठवत असेल तर तेही. रागावत नाही, पण आमचे दोन दिवस वाचतात.