मोझॅक रिपोर्ट आला म्हणजे नेमकं काय आलं?

बडोद्यात आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यांच्या फाइलमध्ये हल्ली एक कागद बऱ्याचदा दिसतो, एम्ब्रियोच्या पीजीटी-ए या जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट, आणि त्यातला 'मोझॅक', म्हणजे काही पेशी नॉर्मल आणि काही अबनॉर्मल, हा शब्द वाचून घरातल्यांची झोप उडते. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, या टेस्टसाठी एम्ब्रियोतल्या पेशी काढायची बायॉप्सी मी स्वतः करते, त्यामुळे तो शब्द कुठून येतो ते सविस्तर सांगावंसं वाटतंय. रावपुऱ्यातलं एक कुटुंब घेऊया, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बाई ३९ वर्षांच्या, चार एम्ब्रियो पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत नीट वाढले, चारही टेस्टिंगला पाठवले. रिपोर्ट आला तो असा: दोन अबनॉर्मल, एकाचा 'नो रिझल्ट', आणि एक 'लो लेव्हल मोझॅक, ४ नंबरचं क्रोमोसोम जास्त, ३५ टक्के'. सासूबाईंनी लगेच विचारलं, "अगं, म्हणजे बाळात पस्तीस टक्के दोष राहणार का?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण ते ३५ टक्के बाळाचे नाहीतच, त्या पाच-सहा पेशींचे आहेत ज्या मी बाहेर काढल्या.

आधी टेस्ट काय बघते ते थोडक्यात. पीजीटी-ए म्हणजे क्रोमोसोमची मोजदाद, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती आहेत की कमी-जास्त आहेत एवढंच. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखा एकाच जीनचा आजार घरात असेल तर पीजीटी-एम वेगळी, तिच्यासाठी आईबाबांचं आणि शक्य असेल तर आधीच्या आजारी मुलाचं रक्त घेऊन महिना-दोन महिने आधीपासून तयारी करावी लागते. आईबाबांपैकी कुणाच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेले असतील तर तिसरी, पीजीटी-एसआर. त्यामुळे पीजीटी-ए नॉर्मल आली म्हणजे थॅलेसेमिया नाही असं अजिबात नाही, ती टेस्ट तिकडे बघतच नाही. हृदयातला जन्मजात दोष, ऑटिझम, क्रोमोसोमचा अगदी छोटासा तुकडा गहाळ असणं, हेही तिच्या आवाक्याबाहेर. आणि मुलगा की मुलगी हे रिपोर्टवर नसतं, आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

आता बायॉप्सी. पाचव्या दिवशीचा ब्लास्टोसिस्ट म्हणजे शे-दीडशे पेशींचा पोकळ गोळा, आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा गठ्ठा असतो ज्यातून बाळ होतं, आणि बाहेरचा जो थर असतो, ट्रोफेक्टोडर्म, त्यातून मुख्यतः वार म्हणजे प्लासेंटा बनते. मायक्रोस्कोपखाली एम्ब्रियो काचेच्या नळीने धरायचा, बाळाचा गठ्ठा लांबच्या बाजूला राहील असा फिरवायचा, कवचाला लेसरने बारीक भोक पाडायचं आणि बाहेरच्या थरातल्या पाच-सहा पेशी दुसऱ्या बारीक नळीत हळूच ओढून घ्यायच्या. मधे पेशींचे जोड असतात ते लेसरच्या एक-दोन फटक्यांनी सोडवावे लागतात, नाही सुटले तर ओढताना एखादी पेशी फाटते. मग त्या पेशी धुऊन इवल्याशा ट्यूबमध्ये सोडायच्या, शेजारी दुसरी व्यक्ती लेबल ताडून बघायला उभी. ट्यूबमध्ये गेल्यावर त्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. पडल्या असतील असं आपण धरून चालतो, आणि कधीतरी त्या पडलेल्याच नसतात किंवा आतला डीएनए खराब झालेला असतो, 'नो रिझल्ट' बहुतेकदा असाच येतो. तो एम्ब्रियो वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. एम्ब्रियो इकडे फ्रीज होऊन राहतो, ट्यूब बर्फातून जेनेटिक लॅबला जाते.

एका पेशीत डीएनए असतो साधारण ६ पिकोग्रॅम. इतक्यावर मशीन काही वाचू शकत नाही, म्हणून आधी त्याच्या लाखो प्रती काढतात आणि मग सिक्वेन्सिंग करून कुठल्या क्रोमोसोमचे किती तुकडे सापडले ते मोजतात. यातून निघतो एक ग्राफ, आडवे १ ते २२ क्रोमोसोम, उभी प्रतींची संख्या. सगळं ठीक असेल तर ठिपके २ च्या रेषेवर बसतात, एक प्रत जास्त असेल तर ३ वर, कमी असेल तर १ वर. या बाईंच्या चौथ्या एम्ब्रियोत ४ नंबरचे ठिपके २.३५ च्या आसपास होते. सहा पेशींपैकी दोघींत तीन-तीन प्रती आणि चौघींत दोन-दोन धरल्या तर एकूण १४ प्रती, भागिले सहा, २.३३ येतात. म्हणून लॅबने लिहिलं मोझॅक. साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर नॉर्मल, ८० च्या वर असेल तर अबनॉर्मल, मधलं सगळं मोझॅक अशी प्रथा आहे, लो आणि हायची सीमा लॅबप्रमाणे ४० किंवा ५० धरतात. पण लक्षात घ्या, दोन प्रकारच्या पेशी कुणी पाहिलेल्या नाहीत, ठिपका मधे पडला एवढंच पाहिलंय.

खरा मोझॅक होतो कसा? बहुतेक अबनॉर्मल एम्ब्रियोंत चूक बीजांडातच झालेली असते. स्त्रीची बीजांडं ती स्वतः जन्माला यायच्या आधीच तयार होऊन थांबलेली असतात, क्रोमोसोमच्या जोड्या बांधून ठेवणारं प्रोटीन इतक्या वर्षांत सैल होत जातं, म्हणून तिशीच्या उंबरठ्यावर साधारण पाव एम्ब्रियो अबनॉर्मल निघतात आणि बेचाळिशीनंतर तीन-चतुर्थांश. अशी चूक पहिल्या पेशीतच असते, म्हणून प्रत्येक पेशीत उतरते. मोझॅकमध्ये सुरुवात ठीक असते, चूक पुढच्या विभाजनात होते. पहिले दोन-तीन दिवस एम्ब्रियो स्वतःचे जीन जवळजवळ वापरतच नाही, बीजांडातल्या साठ्यावर चालतो, आणि विभाजन नीट झालं का हे तपासणारी यंत्रणा तेव्हा ढिली असते. समजा दोन पेशींच्या अवस्थेत एका पेशीने ४ नंबरचं क्रोमोसोम चुकीचं वाटून दिलं, तिच्यातून झालेल्या एका लेकीला तीन प्रती गेल्या, दुसरीला एक. चार पेशींत दोन नॉर्मल, एक जास्तवाली, एक कमीवाली. कमीवाल्या पेशी सहसा तग धरत नाहीत, त्या मागे पडल्या की नॉर्मल आणि जास्तवाल्या राहतात, आणि जास्तवाल्यांचा वाटा एक-तृतीयांशाच्या घरात जातो. आपल्या रिपोर्टमधले ३५ टक्के या गोष्टीत छान बसतात. पण हाच प्रकार टेस्टला फसवूही शकतो, कारण बायॉप्सीत एक तीनवाली आणि एक एकवाली अशा दोन्ही आल्या तर सरासरी परत दोनच येते आणि रिपोर्ट येतो नॉर्मल.

आणि मग सँपलिंगची गोष्ट, मला सगळ्यात जास्त समजावून सांगावी लागते ती हीच. शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो, मोझॅक एम्ब्रियोत नेमकं तेच नसतं. समजा एम्ब्रियोत दर पाचातली एक पेशी बिघडलेली आहे आणि त्या सगळीकडे सारख्या पसरल्यात. सहा काढल्या तर सहाही चांगल्या निघायची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के. चारातल्या एका वेळी बिघाड दिसणारच नाही. प्रत्यक्षात बिघडलेल्या पेशी एकाच आईच्या लेकी म्हणून शेजारीशेजारी बसतात, तेव्हा नेमका तो कोपरा उचलला तर सगळं वाईट आणि दुसरा उचलला तर सगळं छान असं होऊ शकतं. उलट बाजूने, सहात दोन निघाल्या तर अख्ख्या एम्ब्रियोत प्रमाण १० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. रिपोर्टवर मात्र ३५ असा ठाम आकडा छापलेला असतो, आणि आतल्या गठ्ठ्याबद्दल, ज्यातून बाळ व्हायचंय, थेट माहिती शून्य.

शिवाय ठिपका मधे सरकायला मोझॅकच लागतो असंही नाही. प्रती काढताना काही भाग जास्त वाढतात काही कमी, ओढताना फाटलेल्या पेशीतला डीएनए अर्धा सांडलेला असतो, एखादी पेशी नेमकी डीएनए दुप्पट करत असताना हाती लागलेली असते. याने सगळेच ठिपके वर-खाली विस्कटतात, म्हणून ग्राफ बघायचा. बाकी २१ क्रोमोसोम रेषेवर घट्ट बसलेत आणि एकच उचललंय तर गोष्ट खरी असायची शक्यता जास्त, सगळा ग्राफच थरथरलेला असेल तर तो मोझॅक मी फार मनावर घेत नाही. एक मर्यादा मात्र ग्राफ बघूनही कळत नाही: प्रत्येक क्रोमोसोमच्या तीन प्रती, म्हणजे ट्रिप्लॉइडी, असेल तर सगळ्यांचं प्रमाण सारखंच वाढलेलं असतं आणि साध्या मोजणीत ते नॉर्मल दिसू शकतं.

मग भरवसा कशावर? 'अबनॉर्मल' या शब्दावर बऱ्यापैकी. २०२१ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात रिपोर्ट न बघता एम्ब्रियो ट्रान्सफर केले आणि निकाल नंतर उघडले, अबनॉर्मल ठरलेल्या १०२ पैकी एकातूनही बाळ जन्मलं नाही. मोझॅकचं तसं नाही. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १८ बायकांना मोझॅक एम्ब्रियो दिले, सहा जणींना निरोगी बाळं झाली आणि त्यांचे क्रोमोसोमही नॉर्मल होते. त्यानंतर जगभरात अशी बरीच बाळं जन्मली. मोझॅकमध्ये गर्भ राहायचं प्रमाण एकंदरीत नॉर्मलपेक्षा कमी पडतं, हाय लेव्हलवाल्यांत आणखीच कमी. नॉर्मल रिपोर्टसुद्धा बाळाची हमी नाही, नॉर्मल एम्ब्रियोतूनही दर ट्रान्सफरला पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपासच यश मिळतं. आणि तरुण बायकांत टेस्टचा फायदा सिद्ध नाही: चीनमध्ये १,२१२ बायकांवर झालेल्या अभ्यासात टेस्ट केलेल्या गटात अखेरीस ७७.२ टक्के जणींना बाळ झालं, न केलेल्यांत ८१.८. म्हणूनच पस्तिशीच्या आतल्या, भरपूर एम्ब्रियो असलेल्या जोडप्याला सरसकट ही टेस्ट लावणं मला पटत नाही.

रावपुऱ्याच्या बाईंना जेनेटिक काउन्सेलरनी सांगितलं ते असं. दोन अबनॉर्मल ठेवण्यात अर्थ नाही. नो रिझल्टवाला वितळवून परत बायॉप्सी करता येईल, पण दुसऱ्यांदा लेसर आणि दुसऱ्यांदा फ्रीज सोसताना थोडं नुकसान होऊ शकतं, किंवा टेस्ट न करता तसाच वापरता येईल. मोझॅक फेकायचा नाही. पहिला प्रश्न कुठलं क्रोमोसोम: १३, १८, २१ असतं तर जास्त विचार केला असता कारण त्या बिघाडाची बाळं जन्माला येऊ शकतात, १६ असतं तर वारेत बिघाड राहून बाळाची वाढ खुंटायची काळजी. ४ नंबर त्या मानाने बरा.

मोझॅकमधून दिवस राहिले तर पुढची तपासणी कुठली हे आधीच ठरवून ठेवायला हवं. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्ताची टेस्ट, आणि अकराव्या-बाराव्या आठवड्याची सीव्हीएस, दोन्ही वारेतल्याच पेशींचा डीएनए बघतात, म्हणजे मुख्यतः ज्या थरातून मी बायॉप्सी घेतली त्याच्याच वंशातल्या. बाळाच्या स्वतःच्या पेशी मिळतात १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून, अ‍ॅम्नियोसेंटेसिस करून. सासूबाई म्हणाल्या, "तीन महिने जीव टांगणीला ठेवायचा का मग?" काउन्सेलर म्हणाल्या, "हो काकू, तेवढं थांबावंच लागेल, त्याच्या आधी खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाहीये." त्या जोडप्याने आधी आणखी एक सायकल करायचं ठरवलं, नॉर्मल मिळाला तर तो पहिला, मोझॅक फ्रीजमध्ये राखीव. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर लॅबकडून ग्राफ मागून घ्या आणि टक्का आणि क्रोमोसोम लेखी घ्या, कारण काही लॅब मोझॅक वेगळा लिहीतच नाहीत, सरळ नॉर्मल किंवा अबनॉर्मलमध्ये टाकतात, आणि चांगला एम्ब्रियो तिथे टाकून दिला जाऊ शकतो.