गोकाकची रंगवलेली फळे आणि चन्नपट्टणची लाखेची भातुकली: दोन वर्षांच्या मुलाला कोणते खेळणे द्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लहान मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाला लाकडी खेळणे न्यायचे ठरले, तर दुकानात बहुधा दोन प्रकारचा माल शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. एक म्हणजे गोकाकच्या कारागिरीची रंगवलेली फळे आणि भाज्या, ज्यात आंबा, केळे, सीताफळ, वांगे हुबेहूब केलेले असते. आणि दुसरा म्हणजे चन्नपट्टणची लाखेची खेळणी, ज्यात डबे, पेले, लाटणी, एकात एक बसणाऱ्या कड्या आणि भातुकलीची भांडी असतात. दोन्ही लाकडाची, दोन्ही चकचकीत, दोन्ही कर्नाटकातल्या जुन्या कसबाची, आणि दोन्हींत बॅटरी नाही, त्यामुळे घरच्यांचे डोके उठणार नाही, हा विचारही बरोबर. म्हणून पुष्कळ जण आवडेल ती उचलतात. परंतु ज्या वयात हातातली प्रत्येक वस्तू एकदा तोंडात जाते आणि एकदा भिंतीवर आदळते, त्या वयासाठी ही दोन खेळणी एकसारखी नाहीत, आणि फरक आहे तो रंग लाकडावर कसा चढला यात.

लाखेच्या खेळण्यासाठी कातारी बारीक पोताच्या, पांढरट, हलक्या लाकडाचा तुकडा यंत्रावर फिरवून घडवतो. चन्नपट्टणात यासाठी परंपरेने काळ्या कुड्याचे लाकूड वापरतात. तुकडा फिरत असतानाच रंग मिसळलेल्या लाखेची कांडी त्यावर दाबून धरली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडाला घट्ट धरून बसते, आणि मग केवड्याच्या जातीच्या पात्याने तिला घासून चकाकी आणली जाते. म्हणजे रंग, वार्निश आणि अस्तर असे वेगळे थर तिथे नसतात. रंगीत लाखेचा एकच पातळ थर असतो. गोकाकच्या पद्धतीच्या फळात कामाचा क्रम वेगळा आहे. आकार कोरून लाकूड गुळगुळीत करतात, त्यावर अस्तराचा थर देतात, मग कुंचल्याने रंग आणि छटा भरून वर चकाकीचा हात देतात. आंब्याच्या गालावरची लाली किंवा सीताफळाचे डोळे अशा हातानेच उतरतात, आणि हे कौशल्य मला फार मोलाचे वाटते. पण असे फळ गौरीच्या आराशीत किंवा काचेच्या कपाटात बसण्यासाठी घडलेले असते. ते फरशीवर पुन्हा पुन्हा आपटले की अस्तराला तडा जातो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. तो पापुद्रा मुलाच्या बोटाला लागतो आणि तिथून तोंडात जातो.

रंगाची काळजी करण्याचे मुख्य कारण शिसे आहे. पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगाला भडकपणा व टिकाऊपणा यावा म्हणून शिसेयुक्त रंगद्रव्ये दीर्घकाळ वापरली गेली आहेत. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ही शिशाची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, परंतु सुटा रंग किंवा औद्योगिक कामाचा रंग आणून खेळणे रंगवले, तर त्यात काय आहे हे बघून कळत नाही. लहान मुलाच्या आतड्यातून मोठ्या माणसापेक्षा शिशाचे बरेच जास्त प्रमाण रक्तात शोषले जाते आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लाख ही स्वतः निरुपद्रवी असली तरी तिच्यात मिसळलेले रंगद्रव्य कोणते, हा प्रश्न तिथेही उरतोच. हळद, नीळ असे वनस्पतीजन्य रंग वापरणारे कारागीर आहेत, तसेच बाजारचे रंगद्रव्य वापरणारेही आहेत. म्हणून दुकानदाराला ‘लाखेचे आहे का’ एवढेच विचारून थांबू नये, ‘लाखेत रंग कोणता’ हेही विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर लाकडाच्या मूळ रंगाचे, बिनरंगी लाखेचे खेळणे घ्यावे. मूल तेवढ्याच आनंदाने खेळते.

लाखेच्या नावाखाली फवाऱ्याने रंगवलेला मालही मिळतो, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. लाख फिरत्या लाकडावर चढते, म्हणून तिचा रंग नेहमी गोल पट्ट्यांत असतो, पट्टा पूर्ण वळसा घेऊन जिथे सुरू झाला तिथे येऊन मिळतो. सपाट फळीवर, चौकोनी ठोकळ्याच्या बाजूवर किंवा कापलेल्या प्राण्याच्या आकारावर एकसंध भडक रंग असेल, तर तो या पद्धतीने चढलेला नाही. बाहुलीचे शरीर लाखेचे असले तरी तिचे डोळे आणि ओठ कुंचल्याचेच असतात, आणि मूल नेमके तेच चाटते. दुसरी चाचणी घरी करता येते: कापसावर स्पिरिटचा थेंब घेऊन तळाच्या कोपऱ्यात हलकेच घासावे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे कापसाला रंग लागतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. तेलरंग साधारणपणे तसाच राहतो. या चाचणीने लाख आहे की नाही एवढेच कळते, शिसे आहे की नाही ते कळत नाही.

आयएसआय चिन्हाबद्दलही गैरसमज होतो. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांना यातून सूट आहे. चन्नपट्टणच्या खेळण्यांना असे मानांकन आहे. म्हणून खऱ्या कारागिराच्या मालावर चिन्ह नसणे हा दोष नाही. परंतु सूट म्हणजे तो माल प्रयोगशाळेत तपासला गेला आहे असाही अर्थ होत नाही. कारखान्यात तयार होऊन खोक्यात बंद होऊन आलेल्या लाकडी फळांच्या संचावर मात्र हे चिन्ह नसेल, तर तो घेऊ नये.

आता खानापूरच्या एका घरातले उदाहरण घेऊ. माझ्या भाचीच्या मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसाला त्याच्या आत्याने रंगवलेल्या फळांची टोपली आणली आणि मी लाखेच्या भातुकलीचा संच नेला. दोन्ही भेटी आम्ही मुलाच्या हाती देण्याआधी मोजून पाहिल्या. त्यासाठी कागदाची दहा सेंटीमीटर लांब आणि पावणेसहा सेंटीमीटर रुंद पट्टी घेऊन, टोकाला टोक लावून तिची उभी नळी केली. तिचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर होतो. खेळण्यांच्या मानकात तीन वर्षांखालील मुलांसाठी लहान तुकडे तपासण्याचे जे भांडे असते, त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर आहे. त्याचा तळ तिरका असतो आणि सर्वांत खोल बाजू 57.1 मिलिमीटर असते. आपली नळी सगळीकडून तेवढीच खोल, म्हणजे मूळ भांड्यापेक्षा थोडी अधिक कडक आहे. कोणताही तुकडा, कोणत्याही बाजूने, न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो. गोल वस्तूंसाठी मर्यादा याहून मोठी, 44.5 मिलिमीटर आहे, म्हणून चौदा सेंटीमीटर लांबीच्या पट्टीचे दुसरे कडे केले.

टोपलीतला आंबा, केळे आणि वांगे दोन्ही मापांत अडले, ते ठीक होते. लिंबू आणि चिकू मात्र मोठ्या कड्यातून सहज पार झाले. द्राक्षांच्या घोसातले मणी तारेवर ओवलेले होते आणि एक मणी बोटांनी फिरवताच सुटला. तो लहान नळीत तळाशी गेला. वांग्याचे हिरवे देठ नुसते चिकटवलेले होते, ओढल्यावर हलत होते. भातुकलीच्या संचातही सर्व काही निर्दोष नव्हते. त्यातला छोटा वरवंटा नळीत पूर्ण मावत होता, आणि डब्याच्या झाकणावरची गुंडी वेगळी कातून खोचलेली होती. झाकण व गुंडी एकाच लाकडातून कातलेली असेल, तर ती ओढून निघत नाही. बुडाशी सांध्याची बारीक रेघ दिसली, तर ती कधीतरी निघणार असे समजावे. वरवंटा आणि ते झाकण आम्ही बाजूला काढले. उरले ते दोन डबे, एक पेला, पोळपाट, आखूड लाटणे आणि पाच कड्यांची उतरंड. लाटण्याचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते नाही हेही पाहिले, कारण तोंडात धरून पळताना पडलेल्या मुलाच्या टाळूला अशा टोकाने इजा होते.

विकासाच्या दृष्टीनेही माझा कल भातुकलीकडे आहे. दोन वर्षांच्या सुमारास मूल एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने झाकण उघडू लागते, आणि एका वेळी दोन खेळणी एकमेकांशी जोडून खेळते, म्हणजे खोटे जेवण खोट्या ताटलीत वाढते. बसकी झाकणे, भरता आणि ओतता येणारे पेले, लहानमोठ्या कड्या या वस्तू त्याला नेमके हेच काम देतात. रंगवलेल्या फळाला उघडायला, भरायला, रचायला काही नसते. त्याचा उपयोग नाव सांगण्यापुरता असतो, आणि तो घरातल्या खऱ्या केळ्यानेही भागतो. अर्थात भातुकलीच्या खेळात वाढायला काहीतरी लागते, म्हणून आम्ही आंबा, केळे आणि देठ काढून टाकलेले वांगे रंगाची खात्री होईपर्यंत कपाटात ठेवून, त्याऐवजी पेल्यात कापडाचे गोळे दिले. कारखान्यातला, फोडणीचा आवाज करणारा प्लास्टिकचा ओटा कोणी आणलाच, तर आवाजाआधी त्याची बॅटरी पाहावी: गिळलेली गोल चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजणे होऊ शकते, म्हणून तिच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ते खेळणे परत करावे. लाकडी भांड्यांचा आवाज खाली सतरंजी अंथरली की जवळपास उरत नाही.

लाखेचे खेळणे सांभाळण्याची रीत वेगळी आहे, आणि ती भेट देतानाच सांगावी. सॅनिटायझरने ते पुसू नये, कारण त्यातल्या अल्कोहोलने लाख विरघळते आणि रंग हाताला लागतो. पाण्यात भिजत ठेवल्यास लाख पांढुरकी पडते, गरम पाण्यात किंवा उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होते. ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक वस्तूच्या कडांवर बोट फिरवावे, आणि लाख उडून लाकडाचा कुसळ वर आलेला आढळला, तर बारीक पॉलिश कागदाने तो गुळगुळीत करून भुसा नीट पुसल्यानंतरच खेळणे पुन्हा मुलाकडे द्यावे.