यथाक्रम धारक आणि धनादेशाचा अनादर

चलनक्षम पत्र म्हणजे हातोहात किंवा मागे सही करून (पृष्ठांकनाने) दुसऱ्याकडे जाणारा आणि पैसे मिळण्याचा हक्क सोबत नेणारा लेखी दस्त. भारतातील १८८१ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश (चेक) यांचा उल्लेख आहे. हुंडी त्याहून जुनी. तिचा आरंभ नेमका कधीचा यावर एकमत नाही. मुघलकाळात ती सर्वदूर रुळली होती, एवढे निश्चित. हा शब्द ‘गोळा करणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘हुंड्’ धातूवरून आला असे बहुधा सांगतात, पण ही व्युत्पत्ती निर्विवाद मानू नये. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना १८८१ च्या कायद्याने धक्का लावलेला नाही.

वस्तूच्या विक्रीत सामान्य नियम असा की, देणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. यथाक्रम धारक (कलम ९) हा त्याला मोठा अपवाद. समजा, क ने ख कडून माल घेऊन ४०,००० रुपयांचा चेक दिला. माल खोटा निघाला. तोवर ख ने चेकमागे सही करून तो ग ला आपल्या देण्यापोटी दिला होता. ग ने मोबदला दिला, रक्कम देय होण्यापूर्वी चेक घेतला आणि शंका यावी असे काही त्याच्यासमोर नव्हते, म्हणून तो यथाक्रम धारक ठरतो. आता क ‘माल खोटा होता’ हा बचाव ख विरुद्ध मांडू शकतो, ग विरुद्ध नाही. क ची सहीच बनावट असेल, तर मात्र ग ला त्या चेकवर क कडून काहीच मिळत नाही. ‘अकाउंट पेयी’ रेखांकनाचा चेक बँका दुसऱ्याच्या खात्यात जमा करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात असा ग आता क्वचितच भेटतो.

चेक न वटल्यास कलम १३८ लागू होते. १९८९ पासून अमलात आलेल्या या कलमाखाली नोटीस देण्याचा हक्क आदात्याला (ज्याच्या नावे चेक आहे त्याला) किंवा यथाक्रम धारकाला असतो. इथे तो ग ला आहे. चेक मुदतीत, म्हणजे हल्ली तीन महिन्यांत, बँकेत भरलेला हवा.

ग ला बँकेचा परतीचा मेमो १० मार्चला मिळाला. लेखी नोटीस तीस दिवसांत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत द्यायची. ती क ला २५ मार्चला पोचली, तर पैसे भरायला त्याला ९ एप्रिलपर्यंत पंधरा दिवस मिळतात. तोवर रक्कम न आल्यास १० एप्रिलला तक्रारीचे कारण उद्भवते आणि १० मेपर्यंत तक्रार दाखल करता येते. घाई इथेच नडते: पंधरा दिवस पुरे होण्याआधी केलेली तक्रार ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. नोटिशीत चेकचीच रक्कम मागावी. व्याज-खर्च वेगळे दाखवावेत, सगळ्यांची मिळून एकच मोघम मागणी करू नये. शिक्षा कमाल दोन वर्षे कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.