पार्श्वभूमी : मधुमेह दिनाच्या मजकुरातली बारीक अक्षरं

नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाने १४ नोव्हेंबरच्या शिबिरासाठी लावलेल्या पोस्टरखालचा मजकूर असा आहे : 'उपाशीपोटी रक्तशर्करा तपासणी सकाळी ७ ते ९. आहारावर व्याख्यान १० वाजता, पायांच्या काळजीविषयी ११ वाजता. ही प्राथमिक तपासणी आहे, निदान नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सुरू किंवा बंद करू नये.' यातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर आयोजकांत सर्वाधिक वाद झाला.

१४ नोव्हेंबर ही तारीख इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एकाच्या जन्मदिवसाची. १९९१ पासून तो मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, त्यामुळे व्याख्यानाला शाळेतल्या शिक्षकांना आणणं जरा अवघडच जातं.

वाद होता तो आकड्यांचा. १९८० च्या सुमारास उपाशीपोटी १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर आली तर मधुमेह मानत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ही रेषा १२६ वर आणली आणि दोन वर्षांत जागतिक पातळीवरही ती मान्य झाली. इथपर्यंत सगळे एका बाजूला होते. रेषेच्या खालच्या पट्ट्यावर मात्र फाटे फुटले. २००३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी मधुमेहपूर्व अवस्थेची सुरुवात ११० ऐवजी १०० पासून धरली. जागतिक आरोग्य संघटनेने ११० च कायम ठेवलं. कारण साधं होतं : रेषा दहाने खाली आणली की एका रात्रीत प्रचंड संख्येने धडधाकट माणसं 'सीमेवर' येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे मधुमेह होतही नाही. उलट बाजूचं म्हणणं असं की भारतीयांत कमी वयात आणि कमी वजनातही मधुमेह होतो, तेव्हा लवकर सावध केलेलं बरं.

शिबिरातल्या कार्डावर कोणता आकडा छापायचा, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हता. समजा, निफाडहून पहाटेच्या बसने आलेल्या, द्राक्षबागेत राबणाऱ्या एका पंचेचाळिशीच्या माणसाची साखर १०४ आली. १०० ची रेषा धरली तर तो मधुमेहपूर्व, ११० ची धरली तर नॉर्मल. त्यातही हे १०४ बोट टोचून घेतलेल्या थेंबाचं, ग्लुकोमीटरवरचं. अशा यंत्राला प्रयोगशाळेच्या मोजणीपासून पंधरा टक्के इकडेतिकडे जाण्याची मुभा मानकांतच आहे. म्हणजे खरा आकडा ९० असू शकतो, १२० ही असू शकतो. बसस्टँडवर उतरल्यावर त्याने एक कटिंग घेतला असेल, तर मग बोलायलाच नको. साखर घातलेला चहा घेतला की उपास मोडला. 'फक्त चहाच घेतला' हे उत्तर टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या कानावर आलेलं असतं.

रुग्णालयाने शेवटी कार्डावर 'मधुमेहपूर्व' म्हणून दोन्हींपैकी एकही रेषा छापली नाही. १०० किंवा त्याहून जास्त आलं तर शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पुन्हा तपासावं, एवढंच लिहिलं. १२६ च्या वर आलेल्यांनाही तीच वाट. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तसाच आकडा आल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत. हा मार्ग काहींना पळवाट वाटला. पण ग्लुकोमीटरच्या एका थेंबावर कोणाच्या माथी शिक्का मारण्यापेक्षा तो नक्कीच प्रामाणिक आहे.

मग थेट तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीच का नाही, असंही विचारलं गेलं. तिला उपास लागत नाही आणि २०१० पासून निदानासाठी ६.५ टक्क्यांची रेषा ठरलेली आहे. पण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर ती फुगलेली येऊ शकते आणि सिकलसेलमध्ये भरवशाची राहत नाही. सिकलसेल आढळणाऱ्या सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी भागाकडून लोक येणार असतील तर हे नजरेआड करून चालत नाही.

औषधाविषयीच्या वाक्याला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. मधुमेह बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. म्हणून 'मधुमेहमुक्ती' हे व्याख्यानाचं सुचवलेलं नाव गळालं आणि 'आहार' उरलं. पण वाक्याचं खरं काम वेगळं आहे. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभं राहिलं की साखर एकदम खाली येऊ शकते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. त्यामुळे छपाईच्या आदल्या दिवशी आणखी एक ओळ घालण्यात आली : 'मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपाशी येण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि सोबत साखर ठेवावी.'