लेखापरीक्षण निरीक्षण अहवाल

अंतर्गत लेखापरीक्षकाला तपासणीत जे आढळले, ते निकष, वस्तुस्थिती, कारण, परिणाम आणि शिफारस या क्रमाने मांडणारा अहवाल. व्यवहारात त्यातल्या प्रत्येक नोंदीला निरीक्षण, आक्षेप किंवा नुसते ‘पॅरा’ म्हणतात. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण मानकांत, म्हणजे ‘यलो बुक’मध्ये, निरीक्षणाचे यांपैकी पहिले चार घटक सांगितले आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स या संस्थेची जागतिक मानके 9 जानेवारी 2025 पासून लागू झाली. तीही निकष आणि प्रत्यक्ष स्थिती यांतल्या फरकापासूनच सुरुवात करतात.

निकष म्हणजे काय व्हायला हवे होते. वस्तुस्थिती म्हणजे काय झाले. या दोन गोष्टी कागदावर सापडतात, त्यामुळे त्या लिहिणे तुलनेने सोपे असते. अहवाल फसतो तो बहुधा कारणाच्या रकान्यात.

उदाहरणार्थ, एका कंपनीचा नियम असा आहे, असे समजा: पुरवठादाराने बँक खाते बदलल्याचे कळवले, तर आधीपासून नोंदीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची आणि मग दुसऱ्या व्यक्तीने बदल मंजूर करायचा. पत्रातल्या क्रमांकावर फोन करून उपयोग नाही, कारण पत्र बनावट असेल तर क्रमांकही भामट्याचाच असणार. वर्षातल्या 240 बदलांपैकी 40 तपासले. 11 प्रकरणांत फोन केल्याची नोंद नव्हती. वस्तुस्थिती लिहिताना हे तिन्ही आकडे आणि कालावधी द्यावा लागतो. ‘अनेक प्रकरणांत’ असे लिहिले की समोरचा खातेप्रमुख पहिला प्रश्न ‘किती?’ असाच विचारतो. नमुना यादृच्छिक नसेल, तर 40 मधल्या 11 वरून 240 चा अंदाज बांधता येत नाही, हेही नमूद करायला हवे.

कच्च्या मसुद्यात कारण सहसा असे असते: ‘कर्मचाऱ्यांनी नियमाचे पालन केले नाही.’ हे कारण नव्हे, वस्तुस्थितीच उलटी करून पुन्हा लिहिलेली आहे. त्यातून निघणारी शिफारसही तशीच पोकळ असते: ‘नियमाचे काटेकोर पालन करावे.’ खरे कारण शोधण्यासाठी ती 11 प्रकरणे एकमेकांशेजारी मांडून त्यांत समान काय आहे, हे पाहतात. आपल्या उदाहरणात 9 बदल महिन्याच्या एकत्रित देयकांच्या आधीच्या दोन दिवसांत झालेले दिसतात. विचारणा केल्यावर कळते की उशिरा आलेले पत्रही त्याच महिन्यात मार्गी लावायची पद्धत आहे आणि दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी नसतानाही संगणकप्रणाली बदल स्वीकारते. मंजुऱ्या नंतर एकगठ्ठा दिल्या जातात. म्हणजे कारणे दोन: प्रणालीत अडसर नाही आणि शेवटच्या दोन दिवसांच्या घाईला वाट नाही. उरलेली दोन प्रकरणे या चौकटीत बसत नसतील, तर तसे लिहावे. ओढूनताणून बसवू नयेत.

परिणामात घडलेले आणि घडू शकणारे वेगळे ठेवावे लागते. बदललेल्या 11 खात्यांत गेलेली रक्कम पुरवठादारांच्या हिशोब-उताऱ्यांशी जुळवली आणि सगळी योग्य ठिकाणी पोचलेली आढळली, तर नुकसान झालेले नाही, असे स्पष्ट म्हणावे. त्या खात्यांत एकूण किती रक्कम खात्रीविना गेली, तो धोक्याचा आकडा. ‘मोठे आर्थिक नुकसान होण्याची शक्यता’ हे वाक्य कुठल्याही अहवालात चिकटवता येते, म्हणून ते निरुपयोगी.

शिफारस कारणाला भिडते का, याची कसोटी सोपी आहे: ती आधीपासून अमलात असती, तर ही 11 प्रकरणे टळली असती का? ‘प्रशिक्षण द्यावे’ इथे नापास होते, कारण नियम सगळ्यांना ठाऊकच होता. फोनची नोंद आणि दुसरी मंजुरी होईपर्यंत प्रणालीने नवे खाते देयकासाठी रोखून धरावे, आणि शेवटच्या दोन दिवसांत खाते बदलणाऱ्या पुरवठादाराचेच देयक खात्री होईपर्यंत बाजूला ठेवावे, या दोन शिफारशी मात्र थेट कारणांवर जातात. नियंत्रण उभारण्याचे काम व्यवस्थापनाचे. लेखापरीक्षकाने ते स्वतःच आखून चालवले, तर पुढे आपल्याच कामाची निःपक्ष तपासणी त्याला करता येणार नाही.

मसुदा संबंधित विभागाला आधी दाखवतात. वस्तुस्थितीवर वाद असेल तर तो इथेच, पुराव्यानिशी मिटायला हवा. व्यवस्थापनाच्या उत्तरात जबाबदार व्यक्ती आणि मुदत असते. शिफारस अमान्य करून धोका पत्करला, तर तेही कारणासह अहवालात राहते. मुदतीनंतर ‘पूर्ण’ असे उत्तर आले म्हणून पॅरा मिटत नाही. प्रणाली बदलल्यानंतरच्या तारखांचे नवे बदल काढून, त्यांतले महिनाअखेरचे मुद्दाम निवडून, पुन्हा तपासतात.