मॅलरी–वाइस चीर

जोरजोरात आणि लागोपाठ उलट्या झाल्यावर अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्या सांध्याजवळच्या आतल्या अस्तराला पडणारी उभी चीर म्हणजे मॅलरी–वाइस चीर. ती साधारण एक ते दोन सेंटीमीटर लांब असते आणि बहुधा एकच असते. नाव अन्ननलिकेशी जोडले गेले असले तरी बहुतेक चिरा सांध्याच्या किंचित खाली, जठराच्या सुरुवातीच्या भागात असतात. काही सांध्यावरून वर अन्ननलिकेत जातात. चीर अस्तर आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर एवढ्यापुरतीच राहते, बाहेरचा स्नायूंचा थर शाबूत असतो. 1929 मध्ये बॉस्टनमधील केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या डॉक्टरांनी अति मद्यपानानंतर ओकाऱ्या होऊन रक्त पडलेल्या 15 रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. त्यामुळे हा मद्यपींचाच आजार आहे असा समज बराच काळ टिकला. प्रत्यक्षात पोटाचा संसर्ग, गरोदरपणातील तीव्र उलट्या, अर्धशिशी, केमोथेरपी, स्वतःहून घशात बोटे घालून काढलेल्या उलट्या, यांपैकी कशानेही ती पडू शकते. खोकल्याची मोठी उबळ किंवा आकडीचा झटकाही तिला पुरतो.

चीर नेमकी तिथेच का पडते

उलटी बाहेर पडण्याआधी कोरड्या ओकाऱ्या येतात. नुकसान समजून घ्यायचे तर लक्ष या टप्प्याकडे द्यायला हवे. ओकारीच्या वेळी स्वरयंत्राचे तोंड बंद होते, श्वास अडतो आणि छाती आत ओढल्यासारखी होऊन तिच्यातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो. त्याच क्षणी मध्यपटल खाली दाबले जाते आणि पोटाचे स्नायू आवळतात, त्यामुळे जठरातील दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे मध्यपटलाच्या खाली प्रचंड दाब, आणि वर ओढ.

जठराची भिंत पोटात असते तोवर तिला बाहेरूनही तेवढाच दाब मिळतो, म्हणून आतला दाब कितीही वाढला तरी ती फारशी ताणली जात नाही. मात्र ओकारीत अन्ननलिकेचे उभे स्नायू आखडतात आणि सांधा मध्यपटलाच्या भोकातून वर छातीकडे खेचला जातो. आता त्या भागाच्या आत जठराचा दाब असतो आणि बाहेर छातीची ओढ असते. भिंतीच्या दोन बाजूंमधला हा फरक पचनमार्गात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त होतो. ज्यांना हायेटस हर्निया असतो, म्हणजे जठराचा थोडा भाग कायमच मध्यपटलाच्या वर सरकलेला असतो, त्यांच्यात हा वर सरकलेला भाग प्रत्येक ओकारीच्या दाबात आयताच सापडतो. चीरही बहुधा त्या हर्नियातच दिसते.

दाबाने नळी फुगते तेव्हा तिच्या भिंतीवर दोन दिशांनी ताण येतो, परिघाच्या दिशेने आणि लांबीच्या दिशेने. यांतला परिघाचा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून भिंत आडवी न तुटता उभी उकलते; उकळत्या पाण्यात सॉसेज फुटते तेव्हा त्याची फटही लांबीच्याच दिशेने जाते. शिवाय तोच दाब असताना नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. सांध्याखालचे जठर अन्ननलिकेपेक्षा रुंद असते, त्यामुळे अस्तर वरच्या अरुंद नळीत फाटण्याऐवजी सांध्याच्या खालच्या अंगाला फाटते. स्नायूंचा थर ताण सोसून पुन्हा पूर्ववत होतो, अस्तराला मात्र तेवढे ताणता येत नाही. म्हणून पहिली हार तेच खाते.

एकट्या उलटीने क्वचितच चीर पडते. बहुधा रिकाम्या पोटी येणाऱ्या कोरड्या ओकाऱ्यांची मालिका जास्त घातक ठरते, कारण बाहेर जायला काही नसल्याने दाब मोकळा होत नाही आणि प्रत्येक ओकारी त्याच जागेला पुन्हा ताणते. म्हणूनच क्रम असा दिसतो: पहिल्या काही उलट्यांत अन्न, मग पिवळे-हिरवे पित्त, आणि नंतर त्यात लाल रेषा. तरीही हा क्रम प्रत्येकात असेलच असे नाही. काहींना पहिल्याच उलटीत रक्त दिसते, काहींना उलटी झाल्याचे आठवतही नाही.

रक्त काय सांगते

अस्तराखालच्या थरात बारीक शिरा आणि रोहिण्या यांचे जाळे असते. चीर उथळ राहिली तर फक्त केशवाहिन्या झिरपतात आणि उलटीतील चिकट स्रावात दोऱ्यासारख्या रेषा दिसतात. चिरेखाली एखादी रोहिणी उघडी पडली तर ताजे लाल रक्त ओंजळभर पडू शकते. रक्त काही वेळ जठरात साठले तर तेथील आम्लामुळे ते तपकिरी होते आणि उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी दिसते. रक्त खाली आतड्यात उतरले तर ते पचते आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तिला हा वास नसतो.

सुमारे 80 ते 90 टक्के रुग्णांत रक्तस्राव आपोआप थांबतो आणि अस्तर दोन-तीन दिवसांत भरून येते. जठराचे अस्तर वेगाने नवे होते, म्हणून हे शक्य होते. मात्र थांबेपर्यंत किती रक्त जाते, हे आणखी काही गोष्टींवर ठरते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांत गुठळी नीट टिकत नाही. यकृताच्या सिरोसिसमध्ये त्याच भागातील शिरा आधीच फुगलेल्या असतात आणि रक्त गोठवणारी प्रथिनेही कमी असतात, त्यामुळे तीच लहान चीर भरपूर वाहू शकते.

एक उदाहरण

समजा, 34 वर्षांच्या निरोगी व्यक्तीला पोटाच्या संसर्गाने रात्रभर उलट्या होत आहेत. सातव्या-आठव्या उलटीला कोरड्या ओकाऱ्यांसोबत चमचाभराहून कमी लाल रेषा दिसतात, पुढच्या उलटीत त्या फिकट होतात. छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही, शौच काळी नाही. तपासणीत नाडी मिनिटाला 92, वरचा रक्तदाब 118, हिमोग्लोबिन 13.8, युरिया डेसिलिटरला 28 मिलिग्रॅम.

अशा वेळी डॉक्टर ग्लासगो–ब्लॅचफोर्ड गुणांकन वापरतात. त्यात युरिया, हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, काळी शौच, बेशुद्धी आणि यकृत किंवा हृदयाचा आजार यांना गुण दिले जातात. इथे प्रत्येक ठिकाणी शून्य मिळते. शून्य किंवा एक गुण आला तर बहुधा दाखल न करता उलटीवरील औषध, थोडे थोडे पाणी आणि धोक्याच्या खुणांची माहिती देऊन घरी पाठवता येते.

आता त्याच व्यक्तीची नाडी 118, वरचा रक्तदाब 96 आणि शौच काळी असती, तर हिमोग्लोबिन 13.8 असूनही चित्र गंभीर ठरले असते. रक्त गेल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन उतरत नाही, कारण पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरीने गेलेले असतात. शरीर रक्तवाहिन्यांबाहेरच्या ऊतींतून पाणी ओढून रक्ताचे आकारमान भरून काढते तेव्हा आकडा खाली येतो. त्यामुळे आरंभीच्या चांगल्या हिमोग्लोबिनवर विसंबणे ही सर्वांत घातक चूक आहे. नाडी आणि रक्तदाब आधी बोलतात. युरियाही जपून वाचावा लागतो. पचलेल्या रक्तातील प्रथिनांमुळे तो वाढतो, पण उलट्यांनी पाणी कमी झाले तरी वाढतो.

काय वेगळे काढायचे

छातीत किंवा पाठीत अचानक असह्य दुखणे, धाप लागणे, आणि मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुर वाजणे, हे दिसले तर अन्ननलिका पूर्ण जाडीत फुटल्याची शंका घ्यावी. याला बोरहावे लक्षणसमूह म्हणतात. ती बहुधा सांध्याच्या थोडे वर, डाव्या बाजूला फुटते आणि अन्न-आम्ल छातीच्या पोकळीत सांडते. त्यात रक्त कमी आणि वेदना फार असतात. मॅलरी–वाइस चिरेत उलट. अशी शंका असताना तोंडाने पाणीसुद्धा द्यायचे नाही आणि कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन तातडीने करायचे. यकृताचा आजार असलेल्यात फुगलेल्या शिरा फुटल्या आहेत का, आणि वेदनाशामके नेहमी घेणाऱ्यात अल्सर आहे का, हे पाहावे लागते. नाक किंवा हिरड्यांतून गिळलेले रक्तही उलटीत येते, म्हणून तोंड आणि नाक आधी बघणे शहाणपणाचे.

तपासणी आणि उपचार

निदानाची खात्री एंडोस्कोपीने होते. रक्तस्राव लक्षणीय असेल तर आधी सलाइन आणि गरज पडल्यास रक्त देऊन रक्तदाब सावरतात आणि 24 तासांच्या आत दुर्बिणीतून पाहतात. इतर मोठा आजार नसेल तर साधारणपणे हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावर रक्त दिले जाते. फार उशीर झाला तर चीर भरून आलेली असते आणि काहीच सापडत नाही. वाहणे थांबलेल्या चिरेला दुर्बिणीतून काही करावे लागत नाही. वाहत असेल तर धातूची क्लिप लावून दोन्ही कडा जवळ आणतात किंवा रबरी बँडने ती जागा आवळतात. नुसते ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन पुरेसे मानले जात नाही, त्याचा परिणाम ओसरल्यावर पुन्हा वाहू लागते. फुगलेल्या शिरांसाठी वापरला जाणारा दाबाचा फुगा इथे टाळतात, कारण तो चीर रुंदावू शकतो. अगदी थोड्या रुग्णांत रोहिणी आतून बंद करण्याची किंवा टाके घालण्याची वेळ येते.

जठरातील आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी औषधे देतात, कारण आम्लात गुठळी लवकर विरघळते. पण खरा भार उलटी थांबवण्यावर असतो. ओन्डान्सेट्रॉनसारखे औषध मिळाले आणि ओकाऱ्या बंद झाल्या की चिरेला भरून येण्याइतकी उसंत मिळते. पोट साफ व्हावे म्हणून मिठाचे पाणी पिऊन किंवा बोटे घालून आणखी ओकणे नेमके याच्या उलट काम करते. आयब्यूप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके या दिवसांत घेऊ नयेत. गरज भासल्यास पॅरासिटामॉल चालते. ठरवून दिलेले रक्त पातळ करणारे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये, त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारावे.

रक्ताचे प्रमाण चमचाभराहून वाढले, तेच पुन्हा पुन्हा येऊ लागले, शौच काळी झाली, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा विश्रांतीतही नाडी शंभराच्या वर राहिली, तर थांबून पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, यकृताचे रुग्ण आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी नुसत्या रेषा दिसल्या तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे.